पुरात बुडालेली गाडी आणि विम्याचा दावा
ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातील सोसायट्यांत शिरले आणि अनेकांच्या गाड्या बुडाल्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पूर येतो, तरी इंजिनाचा दावा अडतो. कारण पाणी ओसरताच आपण किल्ली फिरवून पाहतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने नव्हे, गाडी चालू केल्याने झाले. मग सीट, वायरिंगचे पैसे मिळतात, इंजिनाचे नाहीत. म्हणून गाडी चालू न करता फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि टो करून न्यावी. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर यासाठीच असते. हप्ता कमी करताना आपण नेमके तेच आधी काढतो.