तक्ता पाठवला म्हणजे काम संपत नाही

नवरात्र जवळ आलं की यवतमाळातल्या पार्सल हबांमधून टीम लीडकडे एक ठरावीक ईमेल जातो. विषय असतो ‘लीव्ह रोस्टर’. आत एकच ओळ असते: ‘सर, सोबत रजेचा तक्ता जोडला आहे, कृपया पाहावा.’ खाली एक्सेलची फाईल, तिच्यात उभ्या नावांसमोर आडव्या तारखा आणि काही चौकोन लाल. टीम लीड नागपुरात बसून मोबाईलवर ती फाईल उघडतो, दोन बोटांनी मोठी करून बघतो, लाल चौकोन फार दिसत नाहीत म्हणून ‘ओके’ लिहितो. पंधरा दिवसांनी, दसऱ्याच्या आदल्या रात्री, एखाद्या रायडरला फोन जातो की उद्या यायचं आहे. दिलेली रजा मोडली जाते आणि ती कुणी मोडली हे कागदावर कुठेच उरत नाही.

असे तक्ते मीच करतो, म्हणून सांगतो: ती रजा तक्ता बनवणाऱ्याने आणि ईमेल लिहिणाऱ्याने मोडलेली असते. सण अचानक येत नाही. रायडर कुठल्या दिवशी लागणार आणि किती कमी पडणार, हे ईमेल लिहितानाच मोजता येतं. न मोजता फाईल पुढे ढकलणं म्हणजे निर्णय टाळणं, आणि त्याची किंमत सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडून वसूल करणं.

२०२५ चा पंधरवडा घ्या. २२ सप्टेंबरला, सोमवारी, घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे कमी झालेले दर लागू झाले. दर उतरणार म्हणून लोकांनी खरेदी थांबवून धरली होती. दुसऱ्याच दिवशी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सेल सुरू झाले. यवतमाळचा दुर्गोत्सव एवढा मोठा की संध्याकाळी देखावे पाहायला तालुक्या-तालुक्यांतून गर्दी लोटते आणि शहराच्या मध्यभागात पार्सलची गाडी घालणं मुश्कील होऊन बसतं. माल वाढलेला, वाटपाचे तास घटलेले आणि त्याच दिवसांत प्रत्येकाला घरी जायचं असतं. पंधरवडा असा असताना एका ओळीचा ईमेल पाठवणं हा निष्काळजीपणा आहे.

पहिली चूक तारखांची. बरेच जण मागच्या वर्षीची फाईल उघडतात, नाव बदलून सेव्ह करतात आणि सण मोजून बसवतात. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला आणि दसरा १२ ला, म्हणजे दहाव्या दिवशी होता. २०२५ मध्ये एका तिथीची वृद्धी झाली, नवरात्र एक दिवसाने लांबलं आणि दसरा अकराव्या दिवशी, २ ऑक्टोबरला आला. अष्टमी ३० सप्टेंबरला होती. बोटं मोजून आठवा दिवस धरला तर ती २९ ला पडते. ज्याने ‘अष्टमीची रजा’ मागितली, त्याला तक्त्यात २९ तारीख मिळाली की कुळाचाराच्या दिवशी तो हबात उभा. म्हणून रजा मागणाऱ्याकडून सणाचं नाव घेऊ नका. तारीख आणि वार, दोन्ही लिहून घ्या.

दुसरी चूक मोठी आहे. तक्त्यात फक्त मागितलेल्या रजा दाखवतात, साप्ताहिक सुट्ट्या दाखवतच नाहीत. समजा हबात सहा रायडर आहेत आणि रोज पाच रूट निघतात. रिकामे चौकोन पाहिले की वाटतं, रोज एक माणूस जास्तीचा आहे. तसं नसतं. सोमवार ते शनिवार रोज एकाची साप्ताहिक सुट्टी असते, म्हणजे त्या सहा दिवसांत बरोबर पाचच माणसं हजर असतात. जास्तीचा हात फक्त रविवारी मिळतो आणि रविवारची रजा त्या पंधरवड्यात कुणी मागत नाही. म्हणजे ज्या दिवशी रजा मागितली जाते, त्या दिवशी एकही रजा परवडत नाही. हे त्या लाल-पांढऱ्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून टीम लीड बिनधास्त ‘ओके’ लिहितो.

आता मागण्या ठेवून पाहू. मंगळवार ३० ला दोघांना रजा हवी, बुधवार १ ला दोघांना, गुरुवार २ ला चौघांना, शुक्रवार ३ ला एकाला. एकूण नऊ, आणि सहाही रायडरांनी किमान एक दिवस मागितलेला. ठरलेल्या साप्ताहिक सुट्ट्या तशाच ठेवल्या तर त्या चार दिवसांत नऊ माणसं कमी पडतात. इथे आळशी माणूस हात वर करतो आणि ‘सणात रजा बंद’ असा मेसेज ग्रुपवर टाकतो.

पण साप्ताहिक सुट्टी सरकवता येते. त्या आठवड्यात प्रत्येकाची सुट्टी त्याने मागितलेल्या दिवसावरच बसवा. नऊपैकी सहा दिवस सुट्टीतच भागतात, खरी रजा फक्त तीन दिवसांची उरते. मर्यादा एकच: कुणाला सलग सहा दिवसांपेक्षा जास्त काम पडता कामा नये. त्यासाठी आधीच्या आठवड्यातल्या सुट्ट्याही मंगळवार २३ ते रविवार २८ अशा एकेक दिवशी मांडायच्या. ज्याला ३० ला जायचं आहे त्याची आधी, ज्याला २ ला जायचं आहे त्याची शेवटी. त्याच्याही आधीच्या सुट्टीपासूनचं अंतर याच मर्यादेत बसतं का, हेही तपासायचं. २ ऑक्टोबरला पाचऐवजी दोनच रूट काढायला परवानगी मिळाली, तर चित्र असं दिसतं:

| | सोम २९ | मंगळ ३० | बुध १ | गुरु २ | शुक्र ३ |
|---|---|---|---|---|---|
| हजर, सुट्ट्या जुन्याच | ५ | ३ | ३ | १ | ४ |
| हजर, सुट्ट्या सरकवून | ६ | ४ | ४ | २ | ५ |
| लागणारे रायडर | ५ | ५ | ५ | २ | ५ |

एकही रजा न नाकारता आता फक्त मंगळवारी एक आणि बुधवारी एक माणूस कमी आहे. शेजारच्या हबातून एक रायडर दोन दिवसांसाठी मागितला की प्रश्न मिटला. ही तीन ओळींची बेरीज करायला फार तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवायला कुणाच्या तरी घरचा सण मोडायचा, हे मला कदापि मान्य नाही.

हजेरीची ओळ हाताने भरू नका. प्रत्येक तारखेच्या रकान्याखाली सूत्र टाका:

```
=COUNTIF(C2:C7,"ह")
```

त्यासाठी हजर माणसाच्या चौकोनात ‘ह’ लिहिलेला हवा. साप्ताहिक सुट्टीला ‘सा’, मंजूर रजेला ‘र’, नुसत्या मागणीला ‘मा’. हे सूत्र अक्षर मोजतं, रंग मोजत नाही. म्हणून लाल-हिरवा तक्ता कितीही देखणा असला तरी त्यातून बेरीज निघत नाही. ‘ह’ च्या पुढे चुकून एक स्पेस पडली तरी तो चौकोन मोजला जात नाही. बेरीज डोळ्यांना दिसते त्यापेक्षा कमी आली, तर आधी हेच तपासा. आणि चौकोन रिकामा सोडूच नका. रिकामा चौकोन म्हणजे माणूस हजर आहे, की त्याला विचारलंच नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आता ‘कारण’ या रकान्याबद्दल. तो काढून टाका. कुळाचाराची रजा कारण वाचून मंजूर होते आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्याला ‘पुढच्या आठवड्यात जा’ असं सांगितलं जातं. १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा दिवस अशोक विजयादशमीचा होता आणि दीक्षाभूमीवर आजही दसऱ्यालाच जनसागर उसळतो. तो दिवस पुढच्या आठवड्यात मिळत नाही. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्या दिवशी एसटीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून माणूस १ तारीखही मागतो. त्याची मागणी घरी घट बसवणाऱ्याइतकीच पक्की आहे. कोणाचा सण मोठा हे ठरवायचा अधिकार तक्ता बनवणाऱ्याला नाही. त्याने पाहायचं ते एकच: आधीच्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ ला, कामावर कोण होतं. त्या माणसाचा नंबर २०२५ मध्ये पहिला. ‘कारण’ काढून त्या जागी हा रकाना घाला.

आणि २ ऑक्टोबरला कामावर थांबणाऱ्या दोघांचं काय? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा त्या वेळी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. त्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत आणि २ ऑक्टोबर त्यांत नाव घेऊन लिहिलेली आहे. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी, दोन्ही द्यावं लागतं. ईमेलमध्ये हे नसलं तर पगाराच्या वेळी ‘आधी कळवलं नव्हतं’ हे उत्तर तयारच असतं. मग पोरगा काउंटरशी येऊन विचारतो, “भाऊ, माह्या बदली सुट्टीचं काय झालं?” आणि आपण खाली मान घालून संगणकाकडे पाहतो.

म्हणून ईमेल असा लिहा:

> विषय: २२ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर रजा तक्ता – १५ सप्टेंबरपर्यंत तीन मंजुऱ्या हव्यात
>
> सर,
> सहाही रायडरांच्या मागण्या तारीख-वारासह घेतल्या आहेत. साप्ताहिक सुट्ट्या सरकवल्यावर ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला एकेक रायडर कमी पडतो. आपल्याकडून हे हवं आहे:
> १. २ ऑक्टोबरला दोनच रूट काढायला मंजुरी.
> २. ३० आणि १ या दोन दिवसांसाठी बाहेरून एक रायडर.
> ३. २ ऑक्टोबरला थांबणाऱ्या दोघांना दुप्पट वेतन आणि त्याच महिन्यात बदली सुट्टी. दोघांची नावं आणि बदली सुट्टीच्या तारखा तक्त्यात आहेत.
> मंजुरीनंतर तक्ता हबात लावतो. त्यानंतर कुणाची रजा बदलायची असेल तर कृपया याच ईमेलवर लेखी कळवावं.

हा ईमेल मोबाईलवर फाईल न उघडताही समजतो. टीम लीडला ‘ओके’ म्हणून सुटता येत नाही. त्याला तीन गोष्टींवर हो किंवा नाही म्हणावं लागतं आणि नाही म्हटलं तर ते त्याच्या नावावर राहतं. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. आदल्या रात्रीचे फोन तिनेच थांबतात, कारण लेखी नकार द्यायला माणूस दोनदा विचार करतो.

काही टीम लीड म्हणतात, एवढं लांबलचक कोण वाचतो. जो वाचत नाही त्याने रजा मंजूर करायचं कामही करू नये. आणि जे तक्ते बनवतात, माझ्यासारखे, त्यांनी ‘सोबत जोडले आहे’ या ओळीमागे लपणं आजपासून बंद करावं. ज्या दिवशी माणूस कमी पडतो तो दिवस ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत नसेल, तर तो ईमेल पाठवू नका.