क्लासची फी: भागाकार करून बघा

ऑफिसात दहावीच्या क्लासचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती घेतात?" माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे.

समजा, गणित-विज्ञानाचे दोन क्लास आहेत. पहिल्याची फी महिना २,००० रुपये, आठवड्यातून तीन दिवस दीड तास, बॅच ६० मुलांची. दुसऱ्याची ३,००० रुपये, पाच दिवस दीड तास, बॅच २० मुलांची. चार आठवड्यांत पहिला १८ तास शिकवतो, दुसरा ३०. म्हणजे तासाला साधारण १११ रुपये आणि १०० रुपये. 'स्वस्त' क्लासच महाग निघाला की नाही?

आता बॅच बघा. फळ्यावरचं शिकवणं सगळ्यांना सारखंच, पण शंका आणि वही तपासणं वाटून घ्यावं लागतं. तास मुलांत वाटले तर पहिल्याकडे एकाच्या वाट्याला महिन्याला १८ मिनिटं येतात, दुसऱ्याकडे ९०.

राहिला निकाल. फ्लेक्सवर ९५ टक्केवाल्यांचे वीस फोटो असतात, पण ते किती मुलांपैकी, हे कुठेच नसतं. शिवाय हुशार मुलंच निवडून घेतली असतील तर त्यात क्लासचं श्रेय किती? म्हणून अख्ख्या बॅचचे नववीचे आणि दहावीचे मार्क मागा. टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच समजा.

आणि हो, पोर्शन डिसेंबरात संपवून फी मार्चपर्यंत घेणार असतील, तर भागाकार वर्षाच्या एकूण तासांनीच करा.