सातबाऱ्याचं एक्सेल आणि बारा मार्च

गेल्या महिन्यात एका रविवारी घरच्या जमिनीचं काम अंगावर घेतलं. आमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावांची जमीन थोडी शहापूर तालुक्यात, थोडी मुरबाड तालुक्यात, अशी विखुरलेली आहे. वाटणीची बोलणी सुरू झाली आणि काका म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सगळ्या सातबाऱ्यांचा एक तक्ता करून दे." म्हटलं, त्यात काय! डिजिटल सहीचे सातबारे पंधरा रुपयांना एक असे ऑनलाइन मिळतात, ते उतरवून घेतले. पीडीएफमधलं देवनागरी कॉपी केलं की वेलांट्या भलतीकडे जातात, म्हणून नावं हाताने टाइप केली, बाकी स्क्रिप्टने काढलं आणि सीएसव्ही करून काकांना मेल केली.

पुढच्या रविवारी आसनगावला उतरून गावी गेलो, तर घरात वातावरण तापलेलं. माझ्या तक्त्यात एकूण जमीन खरीपेक्षा बरीच जास्त दिसत होती आणि दोन चुलतभाऊ "आमच्या वाट्याला मग एवढंच कसं?" म्हणून काकांकडे बघत होते. काका शांतपणे म्हणाले, "एवढी जमीन आपली असती तर मी जन्मभर एसटीने हिंडलो असतो का रे?"

चूक माझीच होती. कुठला फॉरमॅट निवडायचा हे मी सवयीने ठरवलं होतं, तक्ता पुढे कोण वापरणार आहे हे बघून नाही. तर मंडळी, ती चूक उलगडून सांगतो.

एकाच गटाचं उदाहरण घेऊ (आकडे सोपे केलेत, पोटखराबाही बाजूला ठेवलाय). गट १२, हिस्सा ३, क्षेत्र `0.42.50`. हा दशांश अपूर्णांक नाही. शून्य हेक्टर, बेचाळीस आर, पन्नास चौरस मीटर असं ते वाचायचं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे एकूण ४२५० चौरस मीटर झाले. या गटात दोन खाती आहेत. खाते ११८ वर तिघांची नावं आणि त्या तिघांचं मिळून सामाईक क्षेत्र `0.22.50`. खाते २४० वर एकाच माणसाचं नाव आणि क्षेत्र `0.20.00`.

मी केलेली सीएसव्ही अशी होती:

```
gat,khate,nav,kshetra
12/3,118,क,0.22.50
12/3,118,ख,0.22.50
12/3,118,ग,0.22.50
12/3,240,घ,0.20.00
```

सीएसव्ही म्हणजे सपाट तक्ता. एका ओळीत एक नाव बसवायचं तर सामाईक क्षेत्र तीनदा लिहावं लागतं. सातबाऱ्यावर ते तिघांत मिळून एकदाच असतं. बेरीज केली की २२५० तीनदा आणि २००० एकदा, म्हणजे ८७५० चौरस मीटर. खरी जमीन ४२५०. घरातलं भांडण इथून सुरू झालं.

दुसरा घोटाळा एक्सेलने केला. `12/3` हा गट त्याला तारीख वाटला आणि सेलमध्ये `12-Mar` आलं. `45/1` मात्र तारीख होऊ शकत नाही, म्हणून ते तसंच राहिलं. अर्धे गट बरोबर आणि अर्धे बिघडलेले, म्हणून पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. अवतरण चिन्हं घालूनही उपयोग होत नाही, आणि तीच फाइल सीएसव्ही म्हणून पुन्हा सेव्ह केली की आत `12-Mar` हेच लिहिलं जातं. यात आपण एकटे नाही. जनुकांच्या `MARCH1`, `SEPT2` अशा नावांच्या तारखा होतात म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० साली ती नावंच बदलली! आपल्याला गट क्रमांक बदलता येत नाही. गट आणि हिस्सा असे दोन वेगळे कॉलम मात्र करता येतात.

आता मी मूळ माहिती जेसनमध्ये ठेवतो:

```json
{"gat": "12", "hissa": "3", "kshetra": "0.42.50",
 "khati": [
  {"khate": "118", "kshetra": "0.22.50",
   "nave": ["क", "ख", "ग"]},
  {"khate": "240", "kshetra": "0.20.00",
   "nave": ["घ"]}]}
```

इथे क्षेत्र खात्याला चिकटलेलं आहे, माणसाला नाही. सातबाऱ्याची रचना अशीच असते. गटात खाती, खात्यात नावं, शिवाय इतर अधिकारात कर्जाचे बोजे आणि फेरफार क्रमांक, कुठे एक तर कुठे सात. शिवाय तपासणी फुकट मिळते. खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी आली नाही तर उतरवताना काहीतरी चुकलं. क्षेत्र मी मजकूर म्हणूनच ठेवतो आणि चौरस मीटर कोडमध्ये काढतो. नुसते टिंब काढून टाकायचा मोह होतो, पण कुणी `1.05.30` ऐवजी `1.5.30` टाइप केलेलं असलं तर १०५३० चे १५३० होतात. आणि पायथॉनमधून लिहिताना `ensure_ascii=False` द्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी `\u0915` असली आकडेमोड दिसते.

पण काकांना जेसन पाठवून काय उपयोग? त्यांना बेरीज करायचीय, फिल्टर लावायचाय. त्यांच्यासाठी जेसनमधून सीएसव्ही काढायची, मात्र एका खात्याला एक ओळ. तिन्ही नावं एकाच सेलमध्ये अर्धविरामाने जोडायची आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये एक साधा आकडा. `0.22.50` तसंच ठेवलं तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं. फाइल `utf-8-sig` ने लिहायची, म्हणजे एक्सेलमध्ये देवनागरीचा कचरा होत नाही.

मार्कडाउन टेबल कशाला मग? वाचायला. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मूळ सातबारा शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळायची होती. त्यासाठी गावागणिक एक छोटं टेबल केलं, छापलं आणि वाटलं. त्यात बेरजा आधीच करून टाकलेल्या, कारण हे टेबल कुणी पुढे गणिताला घेणार नाही. यातही एक गंमत झाली. एका नोंदीत मी पूर्णविराम म्हणून दंडाऐवजी `|` टाइप केला होता, आणि मार्कडाउनने तिथे नवा कॉलम पाडला. असं चिन्ह `\|` असं लिहावं लागतं. म्हणूनच मार्कडाउनमधून माहिती परत वाचून काढायच्या भानगडीत पडू नका. दुरुस्ती जेसनमध्ये करा आणि टेबल नव्याने काढा.

प्रत्येक वेळी जेसन लागतंच असंही नाही. गाव नमुना बाराची पीक नोंद बघा. वर्ष, हंगाम, पीक, क्षेत्र. एका ओळीत एक पीक, आत काही लपलेलं नाही. तिथे थेट सीएसव्ही करावी, उगाच कंस मोजत बसू नये. माझ्यापुरता मी एकच प्रश्न ठरवून टाकलाय. एक आकडा दोन ओळींत लिहावा लागतोय का? लागत असेल तर सीएसव्ही ही मूळ प्रत होऊ शकत नाही.

नव्या तक्त्यात तो गट ४२५० वर आला. चुलतभावांनी टेबलावर पेन्सिलने बरोबरच्या खुणा केल्या. मुरबाडकडच्या एका गटात खात्यांची बेरीज अजून जुळत नाहीये आणि यावेळी चूक माझी नाही, कागदावरच तसं आहे. काका आता त्यासाठी तलाठ्याकडे जाणार आहेत. एसटीनेच.