तोंड किती वेळा धुवावे?

काजूचा हंगाम सुरू झाला की पेडणे आणि डिचोली भागातल्या आपल्या घरांत न्हाणीतले भाण संध्याकाळी जास्त वेळ पेटते राहते. दिवसभर बोंडे वेचून आलेल्या माणसाचे तोंड घामाने आणि रसाने चिकट झालेले असते. खाणीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या तोंडावर त्यात तांबड्या धुळीची भर असते. मग कढत पाणी आणि साबण घेऊन तोंड खसाखसा चोळले जाते. ह्यातली निम्मी स्वच्छता गरजेची नसून उलट अपाय करणारी आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या ओळखीच्या एका शेतकरी बाईचे उदाहरण घ्या. बिया अंगणात भाजून फोडण्याचे काम ती घरीच करते. धुराचा वास जात नाही म्हणून ती दिवसातून पाच वेळा तोंड धुवी, दर वेळी कढत पाण्याने आणि साबण लावून. पहिल्या आठवड्यात तोंड पुसल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटू लागली. ‘आता कुठे मळ निघाला’ असे तिला वाटले. पुढे नाकाच्या बाजूंना आणि ओठांच्या कोपऱ्यांत कोंडा धरला, गाल लाल झाले आणि घाम आला तरी झोंबू लागले. अजून मळ राहिला आहे असे समजून ती सहाव्यांदा धुऊ लागली.

आत काय होत होते ते चिऱ्यांच्या भिंतीवरून समजेल. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींचे एकावर एक रचलेले चिरे, आणि त्यांच्या सांध्यांत शरीराने स्वतः तयार केलेली चरबी गिलाव्यासारखी भरलेली असते. आतले पाणी ती बाहेर जाऊ देत नाही व बाहेरचे आत येऊ देत नाही. कढत पाणी ही चरबी सैल करते आणि साबण ती उचलून नेतो. शिवाय आपल्या तांबड्या मातीप्रमाणे कातडी जराशी आंबट असते आणि वडीचा साबण खारट-तुरट, म्हणजे चुन्याच्या जातीचा. थोडी चरबी गेली तर काही तासांत भरून येते; पण दर दोन-तीन तासांनी धुतले तर भरायला वेळच मिळत नाही. मग उघड्या सांध्यांतून पाणी उडून जाते, तोंड ताणते, आणि घामातले मीठ आत झोंबते. तेव्हा ताण हे स्वच्छतेचे लक्षण नाही, चरबी गेल्याची ती खूण आहे. पुसल्यानंतर दहा मिनिटांतही ताण गेला नाही तर पाणी फार गरम होते किंवा साबण फार झाला, असे समजावे.

तोंड दिवसातून दोनदा धुवावे, आणि फार घाम आला तर आणखी एकदा नुसत्या पाण्याने. तारुण्यपीटिकांविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अमेरिकन चाचणीत दिवसातून एक, दोन आणि चार वेळा धुणाऱ्यांची तुलना झाली. चार वेळा धुणाऱ्यांना दोनदा धुणाऱ्यांहून जास्त लाभ दिसला नाही. सकाळी पाणी पुरे, साबण संध्याकाळी एकदाच, तोही सौम्य आणि हाताच्या फेसाने. पाणी तापवायची गरज आपल्याकडे क्वचितच पडते. विहिरीचे पाणी मुळातच कोमट असते. भाणातले घ्यायचेच तर एका तांब्याला चार तांबे विहिरीचे मिसळावे, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ते ऊन लागता कामा नये.

धुळीला साबण लागत नाही. आधी ओंजळीने भरपूर पाणी मारून ती वाहू द्यावी. कोरडी चोळली तर खरकागदासारखी ओरखडते. काजूच्या टरफलातले तेल मात्र वेगळे. ते नुसत्या पाण्याने जात नाही आणि कातडी भाजते. म्हणून बिया फोडण्यापूर्वी हातांना खोबरेल लावावे, काम संपेपर्यंत हात तोंडाला लावू नये, आणि आधी हात साबणाने धुवावेत, मग तोंडाकडे वळावे. हा क्रम उलटा झाला की हातावरचे तेल तोंडावर जाते, आणि मग दोष पाण्याला दिला जातो.

त्या बाईने साबण आठवडाभर पूर्ण सोडला. कोमट पाण्याने दोनदा तोंड धुऊन, टिपून, ओलसर असतानाच व्हॅसलीन अगदी पातळ लावले. झोंबणे चार-पाच दिवसांत कमी झाले, कोंडा जायला तीन आठवडे लागले. पुटकुळ्या येणाऱ्यांनी तोंडावर खोबरेल लावू नये, ती वाढतात. पाण्याचे फोड, सूज किंवा लस आली तर डॉक्टरांकडे जावे. तसेच फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर तो धुण्याचा प्रश्न नव्हे. महारोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि लवकर कळल्यास तो पूर्ण बरा होतो.