वर्षाचा घोडा, दिवसाचा घोडा

अग्नि-अश्ववर्ष सुरू झाल्यापासून बारा प्राण्यांची विवाहजुळणी दाखवणाऱ्या कोष्टकांचा जो पूर आला होता, तो ओसरेल असे वाटत असतानाच या आठवड्यात त्याच कोष्टकांची ‘सुधारित’ आवृत्ती फिरू लागली असून, तिच्यात जन्मवर्षाच्या प्राण्याऐवजी जन्मदिवसाचा प्राणी घ्यावा असे सांगितले आहे. वर्षाच्या प्राण्यावरून लग्न जुळवणे हा चिनी ज्योतिषाचा नव्हे तर चहाच्या मगांवरील चित्रांचा उद्योग आहे, हा या स्तंभाचा जुना आग्रह वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा या सुधारणेचे स्वागत व्हायला हवे होते; परंतु कोष्टक बदलताना कोष्टकाची खोड मात्र तशीच ठेवण्यात आली आहे.

सुधारणेचा आधार खरा आहे. जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांना प्रत्येकी दोन चिन्हे देऊन चार स्तंभ मांडले जातात. वरचे चिन्ह म्हणजे दहा ‘खोडां’पैकी एक, अर्थात पाच तत्त्वांपैकी एखादे तत्त्व आपल्या यिन किंवा यांग रूपात, आणि खालचे म्हणजे बारा ‘शाखां’पैकी एक, जिला लोक प्राण्याच्या नावाने ओळखतात. तांग काळातील ली श्यू-चुंगच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत वर्षस्तंभाला प्राधान्य होते. सोंग काळापासून श्यू त्झ-पिंगच्या परंपरेने दिवसाचे खोड हाच जातक मानला, आणि मग त्याच खोडाखालची शाखा, म्हणजे जातकाच्या पायाखालची जागा, जोडीदाराचे स्थान ठरली. वर्षस्तंभ पूर्वजांचा आणि मासस्तंभ आईवडिलांचा राहिला. घराण्याच्या चिन्हावरून नवरा-बायकोचे कसे पटेल हे सांगण्याची हौस ज्यांना असेल, त्यांनी वर्षाचा प्राणी खुशाल पाहावा.

त्या हौसेची किंमत जपानने 1966 मध्ये मोजली. ते वर्ष यंदासारखेच अग्नि-अश्वाचे होते, आणि अशा वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते या समजापायी तेथील जन्मांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे 18 लाख 20 हजारांवरून 13 लाख 60 हजारांवर आली. गंमत अशी की साठ चिन्हजोड्यांचे चक्र दिवसांनाही लागू असल्यामुळे अग्नि-अश्वाचा दिवस दरवर्षी किमान सहा वेळा येतो आणि ग्रंथांत विवाहाच्या दृष्टीने खरी चिंता त्या दिवसाचीच केलेली आहे, कारण जल-मूषक आणि मृत्तिका-अश्व या दिवसांसह तो ‘दिनधार’ या गटात मोडतो. दिनधार म्हणजे जातकाचे स्वतःचे तत्त्व जोडीदाराच्या स्थानी प्रमाणाबाहेर तीक्ष्ण होणे. मराठी वाचकाला येथे मंगळ आठवला तर त्यात वावगे नाही. मात्र हा दोष पुरुषालाही तितकाच लागतो, आणि वर्षामुळे मुलींनाच अशुभ ठरवणाऱ्यांनी दिवसाकडे काणाडोळा का केला असावा, हे उघड आहे.

आता सुधारित कोष्टक एकाच आठवड्यातील तीन जन्मांवर तपासून पाहावे. 1 जानेवारी 2000 हा दिवस मृत्तिका-अश्वाचा होता, 2 जानेवारीचा मृत्तिका-मेषाचा आणि 7 जानेवारीचा काष्ठ-मूषकाचा. सौरवर्ष फेब्रुवारीच्या चौथ्या तारखेच्या सुमारास बदलत असल्याने तिन्ही जातक वर्षाने ससेच आहेत (कॅलेंडर पाहून त्यांना ड्रॅगन ठरवणारे बरेच भेटतील), आणि म्हणून जुन्या कोष्टकाला त्यांच्यात काहीच फरक दिसत नाही. नवे कोष्टक म्हणते की पहिल्या तारखेच्या मुलाचे दुसऱ्या तारखेच्या मुलीशी उत्तम जमेल, कारण अश्व आणि मेष या शाखा षट्संयोगातील जोडी आहेत. सातव्या तारखेच्या मुलीशी मात्र जमणार नाही, कारण अश्व आणि मूषक चक्रात समोरासमोर येतात व त्यांच्यात ‘संघर्ष’ असतो. येथवर नियम बिनचूक आहेत. तथापि बारापैकी एक शाखा प्रत्येकाच्या समोर असणारच, त्यामुळे एवढ्याच निकषावर प्रत्येक जातकाने मानवजातीचा बारावा हिस्सा लग्नाला वर्ज्य मानावा लागेल.

ज्याला स्तंभ वाचता येतात तो दोघांच्या शाखा शेजारी ठेवण्यापूर्वी प्रत्येकाचे जोडीदाराचे स्थान त्याच्याच पत्रिकेत कोणत्या स्थितीत आहे ते पाहतो. पहिल्या मुलाचा मासस्तंभ अग्नि-मूषकाचा आहे, म्हणजे त्याच्या अश्वावर घरातल्या मूषकाचाच आघात जन्मापासून आहे, आणि संघर्ष बाहेरून बायको आणणार अशी भीती घालण्याचे कारण उरत नाही. परंपरेच्या भाषेत तो आईवडिलांच्या आणि जोडीदाराच्या जागांमधला ताण आहे. शिवाय त्याचा दिवस दिनधाराचा असला तरी जन्म ऐन थंडीचा आहे, मूषकमासात पाण्याचा जोर असतो आणि गोठलेल्या मातीला ऊब हवी असते. ती ऊब अश्वाच्या पोटातील अग्नी देतो. म्हणून जे स्थान यादी वाचणाऱ्याला घातक दिसते, ते ऋतू तोलणाऱ्याला या पत्रिकेतील सर्वांत उपयोगी स्थान दिसते, आणि त्याला जपणे हाच जुळणीचा पहिला प्रश्न होतो.

या प्रश्नाला मेषाची मुलगी एक उत्तर देते: तिची शाखा अश्वाला संयोगात धरते आणि संयोगाने संघर्ष सैल पडतो असा नियम आहे. परंतु तिच्याही मासस्तंभात तोच मूषक आहे आणि मूषक-मेष ही ‘हानी’ची जोडी मानली जात असल्याने तिचे स्वतःचे स्थान निर्वेध नाही, ही बाब कोष्टकाला दिसतच नाही. उलट सातव्या तारखेच्या मुलीच्या बाबतीत 6 जानेवारीला सौरमास बदलल्यामुळे तिचा महिना बैलाचा झाला आहे, आणि बैल व मूषक यांचा संयोग होत असल्याने तिचा मूषक आपल्याच घरात गुंतलेला आहे; संयोगाच्या लोभात संघर्ष विसरला जातो, असे चिनी ज्योतिषी अशा वेळी म्हणतात. त्यात आणखी एक पेच आहे. पुरुषाच्या पत्रिकेत त्याचे तत्त्व ज्या तत्त्वाला काबूत ठेवते ते पत्नीचे सूचक असते; माती पाण्याला बांध घालते, म्हणून या मुलाला पत्नीसूचक तत्त्व पाणी, आणि मूषक ही तर शुद्ध पाण्याची शाखा. कोष्टकाने जिच्यावर काट मारली, तिच्याच स्थानी त्याच्या पत्नीचे सूचक तत्त्व बसलेले आहे. तिच्याशी लग्न करावे असा याचा अर्थ नव्हे, कारण आधीच थंड असलेल्या पत्रिकेत ती आणखी पाणी आणते. पण सूचक तत्त्व अनुकूल आणि स्थान अडचणीत, असा दुहेरी निर्णय एका चौकटीतल्या फुलीत मावत नाही.

अशा चौकटी भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सौरमासाच्या सीमा दाखवणारे पंचांग कधी उघडलेले नसावे, अशी दाट शंका येते. याहून नाजूक सीमा दिवसाची आहे, कारण मूषक-प्रहर रात्री अकराला सुरू होतो आणि दिवस त्याच क्षणी बदलतो की मध्यरात्री, यावर परंपरांत आजही एकमत नाही. 1 जानेवारी 2000 च्या रात्री साडेअकराला जन्मलेला मुलगा एका मताने अश्व आणि दुसऱ्या मताने मेष ठरतो, म्हणजे सातव्या तारखेच्या मुलीशी त्याचा एका मताने संघर्ष आणि दुसऱ्या मताने हानी येते, तर दुसऱ्या तारखेच्या मुलीशी असलेला संयोग दुसऱ्या मताने नाहीसाच होतो. सुधारित कोष्टकात जन्मवेळेसाठी रकाना नाही.