नायट्रोजनआधी गेज घ्या

उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि मागच्या चाकाशी वाका. व्हॉल्वची टोपी हिरवी असेल, तर हे आवाहन खास तुमच्यासाठी आहे.

हिरवी टोपी म्हणजे चाकात नायट्रोजन. पंक्चरच्या दुकानात किंवा पंपाच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या मशीनवर चाकामागे दहा-वीस रुपये मोजून तुम्ही तो भरून घेतलात. सोबत एक वाक्यही घरी आणलंत: "आता दोन-तीन महिने बघायची गरज नाही." पैसे गेले, जाऊ द्या. ते वाक्य मात्र आजच मनातून काढून टाका, कारण धोका त्या वाक्यात आहे.

हवा कमी झालेलं चाक आधी फारशी कुरकुर करत नाही. गाडी थोडी जड ओढते, वळणावर मागून किंचित झोल जातो आणि आपण रस्त्याला दोष देतो. आत टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकत असतात आणि तापत असतात. मग एक खड्डा येतो. रिम थेट दगडावर आपटते, वाकते आणि ट्यूबलेस टायर रिमवरची पकड सोडतो. हवा एका दमात जाते. ट्यूबच्या गाडीत वेगळंच घडतं. सैल टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व मुळाशी फाटतो. चारचाकी अशा वेळी निदान उभी राहते. आपली गाडी आडवी होते आणि मागे बसलेलं माणूस आपल्याआधी पडतं.

म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. स्कूटरचा टायर लहान आणि ताठ असतो. मेन स्टँडवर लावली की मागचं चाक जमिनीपासून उचललेलंच असतं. त्यावर भार नाही, म्हणून ते कायम भरलेलं दिसतं. अंगठ्याने दाबून पाहणं, लाथ मारून पाहणं, सगळं व्यर्थ. आकडा पाहा.

तो आकडा तुमच्या गाडीवर लिहिलेला असतो. स्विंगआर्मवर, चेनकव्हरवर किंवा सीटखाली स्टिकर शोधा. नाही सापडला तर माहितीपुस्तिका काढा. 110 सीसीच्या एका नेहमीच्या स्कूटरचा हिशोब धरू या: पुढे 22 पीएसआय, मागे एकट्यासाठी 29 आणि डबलसीट असाल तर 36. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, तेच पाळा. पण 29 आणि 36 यांमधलं अंतर नीट बघा. सात पीएसआय. आठवडाभर तुम्ही एकटे ऑफिसला जाता. रविवारी बायको मागे बसते, मांडीवर मुलगी, हुकला पिशवी. चाकात हवा मात्र एकट्याचीच. त्यात महिनाभर कुणी पाहिलेलं नसेल तर 29 ची 26 सुद्धा झालेली असेल. म्हणजे सगळ्यात मौल्यवान भार घेऊन जाताना दहाएक पीएसआय कमी.

आता नायट्रोजन यात किती मदत करतो ते पाहा. ऑक्सिजन रबरातून थोडा लवकर झिरपतो, नायट्रोजन सावकाश. हे खरं आहे, त्यात फसवणूक नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने हे वर्षभर मोजलं आणि निकाल 2007 मध्ये छापला. मोटारीचे 31 प्रकारचे टायर 30 पीएसआयला भरून बाहेर उघड्यावर ठेवले. प्रत्येक प्रकारात एक साध्या हवेचा, एक नायट्रोजनचा. वर्षाअखेर साधी हवा सरासरी साडेतीन पीएसआयने उतरली होती, नायट्रोजन 2.2 ने. वर्षभराचा फायदा 1.3 पीएसआय. आपले टायर लहान आहेत, आपल्याकडे दोन्ही लवकर उतरतील. तरी रविवारच्या त्या सात-दहा पीएसआयशेजारी हा फायदा ठेवून पाहा. मागे कुणी येऊन बसलं, हे नायट्रोजनला कळत नाही. ते तुम्हालाच कळतं, म्हणून हवा तुम्हीच वाढवायला हवी.

उन्हाळ्याची भीती घालून नायट्रोजन सगळ्यात जास्त खपवला जातो. "साधी हवा तापली की फुगते, टायर फुटतो." हे ऐकलंत तर हसून पुढे व्हा. तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच फुगतात. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी 45 अंशांत 29 पीएसआय भरा आणि चाकाला हात न लावता डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांत मोजा. थोडंही झिरपलं नाही असं मानलं तरी गेज साडेचोवीसच्या आसपास दाखवेल. आत साधी हवा असो की नायट्रोजन, हा उतार चुकत नाही. ऋतू बदलला की चाक तपासा, एवढाच उपाय.

आणि तुम्ही पैसे दिलेत तो नायट्रोजन चाकात खरंच गेला का, हेही विचारा. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतोच. तुमचं चाक 20 पीएसआयवर आलं आहे आणि दुकानदाराने आतली हवा न सोडता 95 टक्के शुद्ध नायट्रोजन 29 पर्यंत भरला, असं धरा. आतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून जेमतेम 18 वर येतो. बाकी सगळी जुनीच हवा. व्हॉल्वची पिन काढून चाक पूर्ण बसवलं आणि मग भरलं, तरी बसलेल्या टायरात वातावरणाची हवा उरतेच. एका भरण्यात नायट्रोजन 90 टक्क्यांपर्यंत पोचतो. त्यापुढे न्यायचं तर पुन्हा सोडा, पुन्हा भरा. गर्दीच्या वेळी दुचाकीसाठी इतका वेळ कोण काढतं? टोपी हिरवी बसवणं मात्र सोपं असतं.

आत गंज लागत नाही, हाही एक मुद्दा ऐकवतात. ट्यूबच्या चाकात हवा ट्यूबमध्ये असते, रिमला तिचा स्पर्शच नाही. अलॉय व्हीलला लोखंडासारखा गंज चढत नाही. हां, एखाद्या पंपाचा नळ हवेबरोबर पाणी फुंकत असेल, तर तिथे भरू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी त्यांनी काढलेलं नाही. दुसऱ्या पंपावर जा.

नायट्रोजनची खरी गरज कुठे असते, ते सांगतो. 31 मार्च 1986 ला मेक्सिकोचं एक बोइंग 727 कोसळलं, 167 माणसं गेली. अडकलेल्या ब्रेकमुळे चाक भयंकर तापलं होतं. त्या टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. तापलेल्या रबराची वाफ आणि आतला ऑक्सिजन यांनी विमान उडाल्यावर पेट घेतला, टायर फुटला आणि इंधनाच्या नळ्या तुटल्या. म्हणून मोठ्या विमानांच्या चाकांत नायट्रोजनच असतो. तुमच्या स्कूटरच्या चाकात ती उष्णता कधीच तयार होत नाही. विमानाचा दाखला देऊन कुणी वीस रुपये मागितले, तर देऊ नका.

आता सगळ्यात कळकळीची विनंती. "नायट्रोजन भरलाय, साधी हवा मिसळू नका," हे कृपा करून कधीही पाळू नका. मिसळल्याने काहीही बिघडत नाही. टायर खराब होत नाही, स्फोट होत नाही, आधीचे पैसेही बुडत नाहीत, कारण बुडण्यासारखं फार काही नव्हतंच. पण हे ऐकून लोक रात्री साडेनऊला मऊ चाकावर घरी जातात. वाटेत दोन पंप लागतात, दोन्हीकडे हवेची नळी लटकत असते, आणि यांना उद्या नायट्रोजनवाल्याकडे जायचं असतं. असं करू नका. चाक मऊ लागलं की पहिल्या पंपावर थांबा. मिळेल ती हवा मारा.

पंपावर हवेचे पैसे द्यावे लागत नाहीत. पेट्रोल पंपावर हवा मोफत ठेवायची, हे तेल कंपन्यांच्याच नियमांत आहे. मशीन बंद असेल किंवा कुणी पैसे मागत असेल, तर तक्रारवही मागा आणि लिहा. तिथल्या पोराला "हवा मार" एवढंच सांगू नका. तो सवयीने पुढे तीस, मागे चाळीस मारून मोकळा होईल. तेही वाईटच. पुढचं चाक टणक झालं की पावसात ब्रेक लावताना रस्त्यावर टेकणारं रबर कमी उरतं. "पुढे बावीस, मागे छत्तीस," असं स्पष्ट सांगा आणि काट्याकडे स्वतः बघा.

एक गेज विकत घ्या. पेनाच्या आकाराचं साधं गेज शे-दोनशेत मिळतं, चार फेऱ्यांच्या नायट्रोजनइतकं. दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापलेलं चाक दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतं. म्हणून लांबून आल्यावर जास्त दिसली तरी हवा सोडू नका, सकाळी पुन्हा बघा. मोजताना गेज सरळ आणि घट्ट दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर तो आकडा खोटा.

दोन्ही चाकांचे आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. एक चाक दुसऱ्यापेक्षा भराभर उतरायला लागलं, तर आत खिळा आहे किंवा व्हॉल्व गळतोय. साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा. ट्यूबलेसमध्ये खिळा आठवडेच्या आठवडे गुपचूप बसून राहतो, आणि त्या भोकातून नायट्रोजनही तितक्याच मुकाट्याने जातो. हे फक्त मोजणाऱ्यालाच वेळेत कळतं.

कुठे नायट्रोजन फुकट मिळत असेल तर खुशाल घ्या, अपाय काही नाही. त्यानंतरही पंधरा दिवसांनी मोजाच.

घरात दुसरी दुचाकी असेल, तर तीही आजच बघा. क्लासला जाणाऱ्या मुलीची, भाजीला जाणाऱ्या आईची. ज्या गाडीकडे कुणाचं लक्ष नसतं, त्याच गाडीच्या चाकात सगळ्यात कमी हवा असते. गेज दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवा, म्हणजे जो गाडी काढेल त्याच्या हाताला लागेल. मुलांना एकदा वापरून दाखवा. रविवारी मागे कुणी बसणार असेल, तर शनिवारी संध्याकाळीच पंपावर जाऊन मागचं चाक डबलसीटच्या आकड्यावर आणा.