आडवे चित्र, उभी चौकट

आमच्या सासूबाईंच्या हातच्या उकडीच्या मोदकांचे एकच चित्रण घरात आहे. दोन मिनिटे वीस सेकंदांचे. त्या जाण्याच्या आदल्या वर्षी, गणपतीत, पुतण्याने मोबाईल स्टुलावर आडवा ठेवून ते घेतले. टीव्हीवर लावले की सगळे घर समोर बसून बघते.

यंदा त्याने त्याचे उभे चित्रण केले. हल्ली इन्स्टाग्रामच्या रील्स किंवा यूट्यूबचे शॉर्ट्स मोबाईल उभा धरूनच पाहिले जातात, तेव्हा घरातल्या सगळ्या मुलींना ते तसेच मिळावे, ही त्याची इच्छा. ॲपमध्ये आपोआप उभी चौकट बसविण्याची सोय होती, ती त्याने वापरली. दुसऱ्या दिवशी हैदराबादहून धाकट्या सूनबाईंचा फोन आला.

"काकू, आजी छान दिसल्या हो. पण कळ्या कशा पाडल्या ते दिसलंच नाही!"

मी पाहिले, तर खरेच. पहिल्यापासून शेवटपर्यंत सासूबाईंचा चेहरा अगदी मधोमध, आणि हात चौकटीबाहेर. आपोआप चालणाऱ्या सोयीने चेहरा ओळखला आणि त्याचीच पाठ धरली. तिची चूक म्हणता येणार नाही. या चित्रणाचा विषय चेहरा नसून बोटे आहेत, हे तिला सांगणार कोण?

नेहमीचे आडवे चित्र 1920 ठिपके रुंद आणि 1080 ठिपके उंच असते. उभे चित्र याच्या नेमके उलट, म्हणजे 1080 रुंद आणि 1920 उंच. आडव्याची पूर्ण उंची कायम ठेवून त्यातून उभी पट्टी कापायची, तर तिची रुंदी जेमतेम 608 ठिपके भरते. म्हणजे चित्राचा एक तृतीयांशाहूनही थोडा कमी भाग हाती राहतो आणि बाकीचा जातो. शिवाय ही पट्टी पडदाभर करण्यासाठी पावणेदोन पटींहून थोडी जास्तच ताणावी लागते, त्यामुळे चित्र किंचित मऊ, धुरकट दिसते.

हा पेच तसा जुना आहे. सिनेमास्कोपचे रुंद चित्रपट जुन्या चौकोनी टीव्हीवर दाखवताना एक तर वरखाली काळ्या पट्ट्या ठेवीत, नाही तर चित्राच्या दोन्ही कडा कापीत. कडा कापायच्या तर प्रत्येक प्रसंगात कोणता भाग ठेवायचा, हे एक माणूस बसून ठरवीत असे. तेच काम आता आपल्याला स्वयंपाकघराच्या टेबलावर करायचे आहे.

त्यासाठी आधी एक पुठ्ठा घ्या. संगणकावर चित्रण लावून चित्राची उंची पट्टीने मोजा. समजा ती 18 सेंटिमीटर आली, तर पुठ्ठ्यात 18 सेंटिमीटर उंच आणि 10 सेंटिमीटर रुंद खिडकी कापा. दुसऱ्या पुठ्ठ्यात 18 बाय 18 ची चौरस खिडकी कापा. आता उभी खिडकी पडद्यावर धरून चित्रण पाहा. कोण आत राहते आणि कोण बाहेर पडते, ते ॲपला हात लावण्याआधीच कळते. पाहता पाहता कागदावर दोन रकाने लिहा: किती सेकंदांपासून किती सेकंदांपर्यंत, आणि त्या वेळी डोळ्यांना काय दिसलेच पाहिजे. "आजी" असे मोघम लिहू नका. "चेहरा", "डावा अंगठा", "पारीची कड" असे लिहा.

आमच्या कागदावर चार नोंदी झाल्या. पहिली चौदा सेकंदे सासूबाई डावीकडे बसून उकड किती मऊ हवी ते सांगतात. तिथे चेहरा हवा. मग एक मिनिट बारा सेकंदांपर्यंत पारी, सारण आणि कळ्या. तिथे हात हवेतच, पण त्या मधूनमधून मान वर करून बोलतात, म्हणून चेहराही हवा. पुढची आठ सेकंदे त्या मोदकांची चाळणी घेऊन उठतात आणि उजवीकडे ओट्यापाशी जातात. शेवटी वाफवलेले मोदक ताटात येतात आणि ताटाभोवती सारी नातवंडे ओळीने बसलेली आहेत.

पहिला भाग सोपा. ॲपमध्ये चौकटीचे प्रमाण 9:16 निवडले, दोन बोटांनी चित्र मोठे करून काळ्या पट्ट्या घालवल्या आणि चित्र सरकवून चेहरा आत घेतला. त्या उजवीकडे पाहून बोलत होत्या, म्हणून चेहऱ्याच्या उजवीकडे थोडी अधिक जागा ठेवली. नाहीतर माणूस भिंतीशी बोलतो आहे असे वाटते.

खरी अडचण दुसऱ्या भागात होती. चेहरा डावीकडे, हात मध्याच्या पलीकडे. उभ्या खिडकीत दोन्ही मावेनात. पुतण्याने आधी चौकट चेहऱ्यावरून हातांवर आणि हातांवरून चेहऱ्यावर सरकवून पाहिली. पाहताना डोके गरगरले. कॅमेरा तर जागचा हललेला नाही, नुसती चौकट हलते, हे डोळ्यांना लगेच खटकते. चौकट फक्त माणूस चालला तर चालवावी. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर न्यायचे असेल, तर तिथे चित्रण तोडून दुसरी चौकट सरळ लावावी. पण इथे तोडणेही बरोबर नव्हते, कारण कळी पाडताना काय बोलल्या आणि बोटाने काय केले, हे एकाच वेळी दिसायला हवे होते.

मग चौरस पुठ्ठा कामी आला. त्यात चेहरा आणि हात दोन्ही व्यवस्थित बसले. पडदा उभा आहे म्हणून चित्राने तो पूर्ण भरलाच पाहिजे, असा काही नियम नाही. ॲपमध्ये 'क्रॉप' करून 1:1 हे प्रमाण निवडले की 1080 बाय 1080 चा चौरस मिळतो. तो उभ्या चित्राच्या रुंदीत न ताणता जसाच्या तसा बसतो, म्हणून पट्टीपेक्षा स्वच्छही दिसतो. पारीची कड, अंगठ्याचा दाब, सारे स्पष्ट.

चौरस ठेवला की वरखाली मिळून 840 ठिपक्यांची जागा मोकळी उरते. तो मधोमध न ठेवता आम्ही थोडा वर ठेवला: वर 240 आणि खाली 600. त्याला कारण आहे. रील्स किंवा शॉर्ट्समध्ये खालच्या भागात नाव आणि मजकूर येतो, तर उजव्या कडेला बदाम आणि शेऱ्याची चिन्हे. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, त्यामुळे हात चित्राच्या अगदी तळाशी होते. पडदाभर पट्टी केली असती, तर सगळ्या कळ्या त्या मजकुराखाली झाकल्या गेल्या असत्या. आता हात पडद्याच्या मध्याच्या जरा खाली आले. मोकळ्या जागेत मागे साधा गडद रंग दिला आणि वरच्या पट्टीत "कळी पाडताना बोट पाण्यात बुडवा" एवढेच लिहिले.

तिसऱ्या भागात त्या उठून चालतात. इथे चौकट चालवायला हरकत नाही. ॲपमध्ये 'कीफ्रेम' नावाची खूण असते. त्या उठू लागतात त्या क्षणी एक खूण करून चित्र डावीकडच्या जागी ठेवायचे; ओट्यापाशी थांबतात तिथे दुसरी खूण करून ते नव्या जागी न्यायचे. मधला प्रवास ॲप करते, पण एकाच गतीने. माणूस तसा चालत नाही. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या आणि मग भरभर गेल्या. त्यामुळे आरंभी चौकट पुढे पळाली आणि त्या मागे राहिल्या. उभ्या राहिल्या त्या क्षणी तिसरी खूण केली, तेव्हा जमले. खुणा तीन-चारच असाव्यात. दर सेकंदाला खूण केली तर चित्र थरथरते. चालणाऱ्याच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे तो कशाकडे जातो ते दिसते.

शेवटच्या ओळीतल्या नातवंडांना कापायचे कसे? कापायचेच नाही. सहा सेकंद पूर्ण आडवे चित्र ठेवले. ते पडद्याच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा थोडा कमी भाग व्यापते, चेहरे लहान दिसतात; पण सगळे दिसतात. सहा सेकंदांना चालते. हेच सबंध चित्रणाला केले असते, तर कळी तांदळाएवढी दिसली असती.

एक धडा मात्र उशिरा मिळाला. पुतण्याने पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर आलेली प्रत वापरली होती. तिथे चित्र पाठवताना दाबून लहान केले जाते. ते पुन्हा ताणले की चेहऱ्यावर चौकडे दिसू लागतात. ज्या मोबाईलने चित्रण केले, त्यातली मूळ प्रत मागवावी. पाठवणाऱ्याने ती व्हॉट्सॲपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, तर ती दाबली जात नाही. आणि मूळ आडवी प्रत कधीही पुसू नये. उभ्यातून आडवे परत मिळत नाही.

झालेले काम तपासायचे, तर ते पूर्वी न पाहिलेल्या माणसाला आवाज बंद करून दाखवावे आणि विचारावे, "यात काय चाललंय?" आमच्या शेजारच्या मुलाने पहिली प्रत पाहून सांगितले, "आजी कुणाशी तरी बोलतायत." दुसरी पाहून म्हणाला, "आजी मोदकाला कळ्या पाडतायत, आणि मधेच कुणालातरी रागावतायत." त्या पुतण्यालाच रागावत होत्या, स्टूल हलवले म्हणून.

सूनबाईंचा पुन्हा फोन आला, तोही संध्याकाळी.

"काकू, नऊ झाले. सात फुटले. पण डावा अंगठा आतून ठेवायचा असतो, हे आज कळलं."

सात फुटले तर फुटले. अंगठा दिसला, हे पुष्कळ झाले.